अनुभव धागा: माईंड मॅप काढून विषय खरंच डोक्यात बसतो का?

रानवाट
मी नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवते. त्यांच्या वह्यांत देखणे माईंड मॅप असतात. मधोमध 'रक्तदाब' आणि भोवती औषधांच्या गटांच्या रंगीत फांद्या. पण रॅमिप्रिल घेणाऱ्याला कोरडा खोकला का येतो, असं विचारलं की वर्ग गप्प. फांद्यांवरून कशाखाली काय येतं ते कळतं, कशामुळे काय होतं ते कळत नाही.

म्हणून आता मी बाणांचं चित्र काढायला लावते आणि प्रत्येक बाणावर क्रियापद हवंच. रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन 'सोडतं'. यकृतातून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनला रेनिन 'कापतं' आणि अँजिओटेन्सिन १ तयार होतं. एसीई हे एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन २ 'करतं'. ते रक्तवाहिन्या 'आवळतं', शिवाय अल्डोस्टेरॉन 'सोडायला लावतं'. अल्डोस्टेरॉन सोडियम 'धरून ठेवतं', पोटॅशियम 'बाहेर टाकतं'. रक्तदाब चढला की एक बाण वळून रेनिनकडे जातो आणि त्याला 'रोखतो'. हा परतीचा बाण फांद्यांच्या चित्रात दाखवायला जागाच नसते.

एसीईपासून आणखी एक बाण निघतो: ते ब्रॅडिकायनिनला 'मोडतं'. आता एसीईवर लाल फुली मारा, कारण रॅमिप्रिल तेच अडवतं. अल्डोस्टेरॉन घटलं, म्हणून पोटॅशियम वाढू शकतं. ब्रॅडिकायनिन साचलं, खोकला त्यामुळेच येतो असं मानतात. लोसार्टनची फुली पुढे, अँजिओटेन्सिन २ च्या रिसेप्टरवर पडते. तिथे ब्रॅडिकायनिनच्या बाणाला धक्का लागत नाही, म्हणून खोकला बराच कमी. पोटॅशियमवर मात्र तिथेही लक्ष ठेवावं लागतं. पाठ न करता मुली हे बोट फिरवत सांगतात.

तुमच्या विषयात कोणतं चित्र कामी आलं, कोणतं फुकट गेलं?

हिशोबनीस
आमच्याकडे नव्या पोरांना जीएसटीचं क्रेडिट कुठून कुठे वळवायचं हे मी तीन चौकोनांत दाखवतो. आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीलाच, उरलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोन्हींकडे, हव्या त्या क्रमाने. आणि ते पूर्ण संपेपर्यंत बाकीच्या दोन चौकोनांना हात लावायचा नाही. सीजीएसटीचं क्रेडिट आधी स्वतःला, मग आयजीएसटीला. एसजीएसटीचंही तसंच. सीजीएसटी आणि एसजीएसटी यांच्यामध्ये जाड भिंत. पोरं बाण विसरतात, भिंत नाही विसरत. न जाणारा रस्ताही चित्रात काढायला हवा, तो कोणी काढत नाही.

साताऱ्याची_लेक
एमपीएससी करतेय. राज्यव्यवस्थेसाठी कागद ए थ्री घ्यावा की ॲपवर करावं? पेनांचे किती रंग पुरतात?

अर्धविराम
रंग भरपूर वापर. रंगांनी मेंदूचा उजवा भाग जागा होतो, म्हणून लक्षात राहतं. आणि एका फांदीवर एकच शब्द.

दशपदी
रंगांनी गट वेगळे दिसतात, एवढं खरं. पण डाव्या-उजव्या मेंदूची अशी सरळ वाटणी नसते. एका शब्दाचा नियम याद्यांना ठीक, पण रानवाट यांचं चित्र एका शब्दात कसं मावणार?

माझ्या मते खरा फरक पुस्तक उघडं आहे की बंद, याने पडतो. 'सायन्स'मध्ये 2011 साली कार्पिकी आणि ब्लंट यांचा प्रयोग आला होता. काहींनी मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, काहींनी वाचून, मजकूर बाजूला ठेवून, आठवेल ते लिहिलं. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते. त्याच दोघांनी पुढे नकाशेही आठवून काढायला लावले, तेव्हा तेही लिहिण्याइतकेच उपयोगी ठरले. म्हणून आधी कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून काढा. मग पुस्तक उघडून सुटलेलं दुसऱ्या रंगाने भरा. त्या दुसऱ्या रंगाला खरा अर्थ असतो. साताऱ्याची_लेक, दोन पेनं पुरेत.

साताऱ्याची_लेक
पण अजिबात आठवलं नाही तर कागद कोराच राहतो ना? नवीन प्रकरणाला हे जमत नाही.

दशपदी
पहिल्या वाचनाला नकोच. दुसऱ्या दिवशी बस.

कुंदामावशी
नातू दहावीला आहे. क्लासवाले छापील माईंड मॅप देतात, सुनेने ते भिंतीवर लावलेत. तो त्यांच्याकडे बघतो की नाही, देव जाणे.

रानवाट
मावशी, त्यातल्या बाणांवरचे किंवा फांद्यांवरचे शब्द पांढऱ्या कागदाने झाका आणि त्याला भरायला सांगा. मीही वर्गात हेच करते.

अर्धविराम
एकाच शब्दावर मी अजून ठाम आहे. नोकरी सांभाळून वाचताना वाक्यं लिहीत बसायला वेळ कुठे असतो?

हिशोबनीस
माझी अडचण वेगळी. परताव्याच्या नियमांचं चित्र एका पानात मावेना, पस्तीसेक चौकोन झाले. कुठे तोडायचं?

रानवाट
जिथे सगळ्यात कमी बाण ओलांडावे लागतात तिथे. ते बाण दोन्ही पानांवर काढा आणि त्यांना सारखेच आकडे द्या.