मदत हवी आहे: 300 कॅलरींच्या नाश्त्यात पोहे, मिसळ, इडली कशी बसवावी?

म्हापशेकर_वहिनी:
दिवसाला 1400 कॅलरी ठरवल्या असून त्यांपैकी 300 नाश्त्यासाठी राखल्या आहेत. ॲपमध्ये एक बशी पोह्यांच्या 180 दिसतात, तरीही वजन हलत नाही. पोहे सोडण्याची माझी तयारी नाही. कृपया लवकर सांगावे.

फोंड्याचा_बाब:
वहिनी, पोहे कच्चे किती, माणसे किती आणि तेल किती, हे सांगितल्याशिवाय उत्तर कसे द्यावे?

म्हापशेकर_वहिनी:
चौघांसाठी पाव किलो पोहे, तीन पळ्या तेल, मूठभर शेंगदाणे, एक बटाटा, दोन कांदे आणि वरून खोबरे. जगभर करतात तसेच.

लाल_पोहे_प्रेमी:
पांढरे पोहे बंद करून लाल घ्या, कॅलरी निम्म्या होतील.

फोंड्याचा_बाब:
निम्म्या होत नाहीत. लाल पोह्यांत कोंडा असल्यामुळे पोट जास्त वेळ भरल्यासारखे वाटते, पण कोरड्या 100 ग्रॅमला दोन्हींत साधारण 350 कॅलरीच असतात. वहिनी, पळी पाण्याने भरून ते पाणी काट्यावर तोलून पाहा.

म्हापशेकर_वहिनी:
20 ग्रॅम भरले.

फोंड्याचा_बाब:
तेल पाण्याहून थोडे हलके, म्हणजे तीन पळ्यांत सुमारे 54 ग्रॅम, आणि ग्रॅमला 9 प्रमाणे जवळजवळ 490 कॅलरी. पोह्यांच्या 875, शेंगदाणे 50 ग्रॅम धरले तर 285, खोबऱ्याच्या 140 आणि कांदा-बटाट्याच्या शंभरेक मिळवल्या, तर कढईत 1890 होतात आणि चौघांत वाटल्यावर बशीला 470 येतात. ॲपमधली बशी कोणाच्या घरची, हे कोणास ठाऊक! पोहे 160 ग्रॅम, तेल एक पळी, दाणे 30 ग्रॅम आणि खोबरे 20 ग्रॅम घेऊन बटाटा वगळल्यास माणशी 260 च्या आसपास बसेल. बशी लहान दिसेल, म्हणून कांदा आणि मटार वाढवावेत. मटारांच्या थोड्या कॅलरी अर्थातच धराव्या लागतील.

साखर_सांभाळा:
मला मधुमेह आहे. इडलीने साखर चढते, म्हणून मी ती सोडली. तुम्हीही सोडावी.

फोंड्याचा_बाब:
त्यांचा प्रश्न साखरेचा नाही. मध्यम आकाराच्या तीन इडल्या आणि वाटीभर पातळ सांबार 300 मध्ये सहज बसते. नारळाची चटणी मात्र दोन चमच्यांपुरतीच, कारण ती वाढली की हिशेब तिथेच फसतो.

लाल_पोहे_प्रेमी:
आणि मिसळ? इथल्या भाजीपावासारखीच ती दोन पावांसकट खाल्ली जाते.

फोंड्याचा_बाब:
मटकीची उसळ अडचणीची नसते. 30 ग्रॅम फरसाणात 160 आणि एका पावात शंभरावर कॅलरी जातात, त्यामुळे पाव एकच आणि फरसाण एक मोठा चमचा घ्यावे. कटावर तरंगणारी तर्री घरी डावाने काढून टाकता येते.

म्हापशेकर_वहिनी:
उद्यापासून एक पळी. पण रविवारी मिसळ बाहेरच खाल्ली जाते; तिथल्या तर्रीचे तेल कसे धरावे?

साखर_सांभाळा:
मी 200 धरतो.

फोंड्याचा_बाब:
तो निव्वळ अंदाज झाला. हॉटेलागणिक तेल वेगळे असते, त्यामुळे नेमका आकडा मी तरी देणार नाही. कट वेगळ्या वाटीत मागवावा.