मदत हवी आहे: आबाजींचं पहिलं यूपीआय पेमेंट अडकलं, ७० रुपये नेमके कुठे असतील?

धुऱ्यावरची_पोर

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. आबाजी ७६ वर्षांचे आहेत. पीएम किसानचा हप्ता त्यांच्या खात्यात येतो, पण तो काढायला तालुक्याला जावं लागतं आणि बँकेच्या रांगेत त्यांचे गुडघे भरून येतात. म्हणून या सुट्टीत मी त्यांना यूपीआय सुरू करून दिलं. एटीएम कार्ड त्यांनी कधी घेतलंच नाही, त्यामुळे पिन आधारवरून तयार केला. बँकेत दिलेला नंबर त्यांच्या बटणाच्या फोनमध्ये होता. ते सिम माझ्या जुन्या फोनमध्ये टाकलं. पडताळणीचा मेसेज फोनमधूनच जातो, त्यासाठी आधी रिचार्ज मारावा लागला.

काल बाजारात त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पैसे पाठवले. नेहमीच्या मावशीकडून अर्धा किलो वांगे ३०, किलोभर भेदरे ३० आणि सांभाराची जुडी १०, असे ७० झाले. मावशीच्या कार्डावर ऊन चमकत होतं, मी ओढणीची सावली धरली तेव्हा स्कॅन झालं. स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं आणि आबाजी थांबले. "हे त कोन्या पोराचं नाव हाय. बाई त समोर बसली." मावशी म्हणाली, "माह्या पोराचंच हाय जी आबाजी, थो पुण्यात राह्यते." मगच त्यांनी ७ आणि ० दाबलं. घट्टे पडलेला अंगठा स्क्रीनवर लवकर लागत नव्हता, धोतराला पुसून पुन्हा दाबत होते. पिन टाकताना एकेक आकडा मोठ्याने म्हणत होते. मी गप्प टाका म्हटलं, तर म्हणाले, "मनात मनलं त बोट चुकते."

चक्र फिरत राहिलं आणि शेवटी 'पेंडिंग' आलं. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला की ७० रुपये वजा झाले. मावशीचं स्पीकरचं डबडं मात्र वाजलंच नाही. मागे गिऱ्हाईक उभी होती. आबाजींनी कोपरीच्या खिशातून ७० रुपये काढून तिच्या हातावर ठेवले. "तिचा माल गेला, तिले पैसे भेटले पाह्यजे."

घरी येईपर्यंत ते मला एकच विचारत होते: "माह्या खात्यातून गेले, तिले भेटले नाई, मंग हायेत कुठं?" मला याचं नीट उत्तर देता आलं नाही. जाणत्यांनी सांगावं. पुढच्या बाजारात त्यांना पुन्हा फोननेच द्यायचे आहेत. तेव्हा त्यांनी कशावर भरवसा ठेवावा: स्क्रीनवर, मेसेजवर की डबड्यावर?

टेक_मित्र

स्पीकर वाजला नाही म्हणजे पैसे पोहोचले नाहीत, साधं आहे. ७२ तासांत आपोआप परत येतात, काही करू नका. आणि आबाजींना यूपीआय लाइट लावून द्या. १००० रुपयांपर्यंत पिनच लागत नाही, त्यामुळे अंगठ्याचाही त्रास नाही. लाइटला नेट लागत नाही, म्हणून त्यात पेंडिंगचा प्रकारच नसतो.

पराटी

ताई, चुकीच्या माणसाच्या नावावर पैसे गेलेत! दुसऱ्याचंच नाव आलं होतं ना? लगेच १९३० ला फोन लावा. माझ्या सासऱ्यांचे असेच गेले होते. कुणीतरी रिफंड देतो म्हणून पिन टाकायला लावला होता.

निवृत्त_रोखपाल

पराटी, १९३० हा फसवणुकीसाठीचा नंबर आहे, इथे तसं काही झालेलं नाही. नाव मावशीच्या मुलाचंच होतं आणि आबाजींनी ते विचारून घेतलं. तुमच्या सासऱ्यांच्या अनुभवातली एक गोष्ट मात्र आबाजींना जरूर सांगावी. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो.

आता मूळ प्रश्न. यूपीआयमध्ये आधी आबाजींच्या बँकेतून पैसे वजा होतात. मग मधली यंत्रणा, म्हणजे एनपीसीआय, मावशीच्या मुलाच्या बँकेला सांगते की एवढे जमा करा. ती बँक 'जमा केले' किंवा 'नाही झाले' असं उत्तर देते. हे उत्तर वेळेत परत आलं नाही की तुमच्या फोनवर 'पेंडिंग' दिसतं. म्हणजे त्या क्षणी पैसे पोहोचले असतील किंवा नसतील, फोनला ते ठाऊक नाही. बँकेचा मेसेज खरा आहे, पण तो पहिल्या पायरीपुरताच. पुढचं त्यात काही नसतं.

टेक_मित्र, स्पीकरबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. त्या डबड्याला स्वतःचं सिम असतं. पैसे जमा झाल्यावर कंपनीकडून त्याला वेगळा निरोप जातो. बाजाराच्या दिवशी एका टॉवरवर शेकडो फोन, डबड्याची बॅटरी उतरलेली, असं असलं तर पैसे येऊनही ते मुकं राहतं. कधी अर्ध्या तासाने एकदम चार रकमा बोलून दाखवतं. ते वाजलं तर पैसे आले असं धरता येतं, पण वाजलं नाही यावरून काहीच ठरत नाही.

खरा पुरावा एकच, घेणाऱ्याच्या खात्याची नोंद. तुमच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबा, १२ आकडी यूटीआर नंबर दिसेल. मावशीच्या मुलाला तो पाठवा आणि त्याच नंबरचे ७० रुपये जमा दिसतात का ते बघायला सांगा.

जमा झालेले नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरलेल्या आहेत. माणसाच्या साध्या खात्यावर पाठवले असतील तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराच्या क्यूआरवर दिले असतील तर पाच दिवसांपर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. स्पीकर आहे म्हणजे हा क्यूआर बहुधा दुकानदाराचा आहे, तेव्हा पाच दिवस धरा. तोवर तक्रार फक्त ॲपमध्ये त्याच व्यवहाराखाली नोंदवा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअर नंबरला फोन करू नका.

भाजीबाजार

मी स्वतः आर्णी रोडच्या बाजारात बसतो, म्हणून मावशीची बाजू सांगतो. आम्ही गिऱ्हाइकाचा फोन पाहून माल सोडत नाही. कालचाच फोटो दाखवून निघून जाणारे भेटले आहेत, नकली ॲपवर हिरवी खूण दाखवणारेही भेटले आहेत. संध्याकाळच्या गर्दीत आमच्या हातात तराजू असतो, फोन खिशात. म्हणून डबडं वाजलं तरच आमच्यासाठी पैसे आले.

त्यात मावशीचं खातं पोराच्या नावाचं. पैसे आल्याचा मेसेज पुण्यात पोराच्या फोनवर जाणार आणि तो कामावर असणार. बाईला स्वतःला पाहायला काही साधनच नाही. आमच्या ओळीत अर्ध्या बायांचं असंच आहे. आबाजींनी रोख दिले ते मला तरी बरोबर वाटलं. त्यांनी पुन्हा स्कॅन केलं असतं तर दोनदा गेले असते आणि कदाचित दुसरेही पेंडिंग पडले असते.

टेक_मित्र

यूटीआरचं मान्य. पण लाइटचं तरी बरोबर आहे ना?

निवृत्त_रोखपाल

अर्धं. १००० पर्यंत पिन लागत नाही हे खरं. लाइटच्या खिशात एका वेळी ५००० पर्यंत ठेवता येतात, आबाजींना ३०० पुरेत. पण नेट लागतंच. बिननेटचं लाइट एक्स वेगळं आहे, त्याला दोन्ही फोन जवळ आणून टेकवावे लागतात. बाजारात चिकटवलेल्या कार्डावर ते चालत नाही.

लाइटमुळे अडकण्याचं प्रमाण कमी होतं, कारण पैसे फोनमधल्या खिशातून जातात आणि दरवेळी आबाजींच्या बँकेला विचारावं लागत नाही. मात्र त्यामुळेच प्रत्येक खर्चाचा बँकेचा मेसेजही येत नाही. आबाजी मेसेज वाचून हिशेब धरणारे असतील तर हे आधी सांगा, नाहीतर पैसे गेले कुठे हे पुन्हा विचारतील. शिवाय लाइटला पिन नाही, म्हणून फोनला कुलूप हवंच. फोन हरवला तर त्या खिशातले कुणीही खर्च करू शकेल.

पिनचं मात्र आजच्या आज करा. बाजारात मोठ्याने म्हटलेला पिन बदलून टाका.

धुऱ्यावरची_पोर

पिन रात्रीच बदलला. नव्या पिनला ते मनात म्हणायला तयार आहेत, पण बोलल्याशिवाय बोट हलत नाही हेही खरंच. घरात सराव चालू आहे.

मावशीच्या मुलाचा नंबर मिळवून यूटीआर पाठवला. त्याने संध्याकाळी सुट्टी झाल्यावर बघितलं. ७० रुपये त्याच्या खात्यात आलेले आहेत, आबाजींनी पिन टाकला त्याच मिनिटाला. डबडं आदल्या रात्री चार्ज करायचं राहून गेलं होतं, असं त्याने आईला विचारून सांगितलं. आबाजींच्या ॲपवर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत 'पेंडिंग'च होतं, मग 'सक्सेसफुल' झालं.

आबाजींना मी कागदावर तीन चौकोन काढून दाखवलं: आपली बँक, मधला माणूस, पोराची बँक. ते म्हणाले, "म्हंजे पैसे पोचले व्हते, पन निरोप्या रस्त्यात थांबला." माझ्यापेक्षा त्यांनीच नीट मांडलं.

मावशी दुसऱ्या दिवशी गावातूनच जात होती. ७० रुपये घेऊन घरी आली आणि माफी मागायला लागली. आबाजी म्हणाले, "तुह्यी काय चूक? डबडं मुकं व्हतं." मग पैसे घेतले आणि तिला चहा दिला.

लाइट त्यांना नको आहे. मेसेज आला नाही तर पैसे खर्च झाले हे खरं कसं मानायचं, असं म्हणतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी आग्रहही केलेला नाही.

भाजीबाजार

मावशीला सांगा, गिऱ्हाइकाच्या फोनवर यूटीआर दिसला तर वहीत त्याचे शेवटचे चार आकडे, रक्कम आणि नाव लिहून ठेवायचं. संध्याकाळी पोराला फोनवर वाचून दाखवायचं. मी तसंच करतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मग दोनदा पैसे मोजावे लागत नाहीत. अनोळखी माणसासाठी हा उपाय नाही. त्याच्याकडून रोखच घेतो.

पराटी

सॉरी ताई, मी घाईत वाचलं होतं. आता सासऱ्यांसाठी मलाही विचारायचं आहे. यूपीआय सर्कल कुणी वापरतं का? म्हणे त्यांनी स्कॅन करायचं आणि पैसे माझ्या खात्यातून जायचे.

निवृत्त_रोखपाल

हो, २०२४ पासून आहे. एका प्रकारात प्रत्येक पेमेंटला तुमच्या फोनवर तुम्ही मंजुरी देता. दुसऱ्यात महिन्याची मर्यादा ठरवून देता, जास्तीत जास्त १५,०००, मग ते स्वतः खर्च करतात. पहिल्या प्रकारात फसवणूक टळते, पण तुम्हाला त्याच वेळी रेंजमध्ये असावं लागतं. तुमची बँक आणि ॲप दोन्ही हे देतात का ते आधी बघा.

धुऱ्यावरची_पोर

पहिला प्रकार आमच्याकडे चालणार नाही असं वाटतं. मी अमरावतीला वर्गात असेन आणि आबाजी वांग्यांपुढे मंजुरीची वाट पाहत उभे राहतील. शिवाय पैसे माझ्या खात्यातून गेलेले त्यांना चालणार नाहीत. पुढच्या बाजारी मी इथेच आहे, त्यानंतर ते एकटे जातील. कुणाच्या घरी असं वयस्कर माणूस एकट्याने फोनवर पैसे देत असेल, तर पेंडिंग आल्यावर त्या जागेवर ते काय करतात हे नक्की लिहा.