मदत हवी आहे: डीव्हीडी स्पेक्ट्रोमीटरवर लाल औषधाचं शोषण दुप्पट होत नाही

मोडलेल्या ब्लेडच्या दोन तुकड्यांची फट, सोललेल्या डीव्हीडीचा पारदर्शक तुकडा आणि 45 अंशांवर फोन, असा पुठ्ठ्याचा डबा आहे. सीएफएलच्या 436 आणि 546 नॅनोमीटरच्या पाऱ्याच्या रेषांवरून तरंगलांबी लावली आहे; दिवे ओळखायला अडचण नाही.

अडचण द्रावणाची आहे. लाल औषधाची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, 16, 32 आणि 64 मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी ताजी द्रावणं एकाच 1 सेंटीमीटर रुंद चौकोनी बाटलीत, 525 नॅनोमीटरला मोजली. शोषण दर वेळी दुप्पट हवं, मिळालं 0.11, 0.20 आणि 0.33. पहिलं वाचन 0.24 च्या आसपास हवं होतं. एवढी घट जेपीजीच्या गॅमामुळे असावी, पण नुसत्या गॅमाने दुप्पट होणं बिघडायला नको.

आमच्या यवतमाळकडच्या गावात व्होल्टेज सारखं वरखाली होतं, म्हणून दिवा मोटारसायकलचा 12 व्होल्टचा हॅलोजन, बॅटरीवर. एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स लॉक आहेत. साध्या पाण्याच्या फोटोत हिरवा 210 च्या वर जात नाही. दिवा बंद ठेवून घेतलेला फोटो वजा केला, फरक पडला नाही. डब्यात विखुरणारा प्रकाश त्याने जाणारही नाही म्हणा. आतून काळा कागद आहे, पण तो थोडा चकाकतो.

फोन डीएनजी देतो. फिल्टर किंवा क्युव्हेट इथे मिळत नाही. मग दोष विखुरलेल्या प्रकाशाचा की जेपीजीच्या वक्राचा, हे घरच्या सामानात वेगळं कसं ओळखायचं?