मदत हवी आहे: १ ते ५० रोमन संख्याचिन्हांत X ७५ वेळा कसे येते?

पाटीपेन्सिल: माझी मुलगी पाचवीत असून तिच्या शिष्यवृत्तीच्या सरावपुस्तिकेत ‘१ ते ५० या संख्या रोमन संख्याचिन्हांत लिहिल्यास X किती वेळा येईल’ असा प्रश्न आहे. तिने पूर्ण यादी लिहून X मोजले, ते ७२ भरले. उत्तरसूचीत मात्र ७५ आहेत. मीही तिच्या वहीवरून दोनदा मोजले. चूक कोणाची असावी?

खडूफळा: उत्तरसूची बरोबर आहे. १० ते ३९ पर्यंत दशकस्थानी ६० वेळा X येते, चाळीस ते एकोणपन्नास या दहा संख्यांत XL मुळे आणखी १० वेळा, आणि ९, १९, २९, ३९, ४९ यांच्या शेवटी असलेल्या IX मुळे ५ वेळा. नेमके तीनच कमी पडत आहेत, म्हणून विचारतो: वहीत ४५ आणि ४९ कसे लिहिले आहेत?

पाटीपेन्सिल: VL आणि IL. लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे असल्यास वजा करायचे, असेच शिकवले आहे ना?

हिशेबनीस: मुलीचे उत्तर बरोबर आहे. स्प्रेडशीटमध्ये `=ROMAN(49,4)` लिहून पाहा, IL असेच येते.

खडूफळा: त्यातला ४ हा आकडा मुद्दाम आखूड रूप मागतो, नुसते `=ROMAN(49)` लिहिल्यास XLIX मिळते. डावीकडचे लहान चिन्ह वजा होते हे वाचताना पुरेसे आहे, लिहिताना नाही. I फक्त V आणि X यांच्या आधी येतो, L च्या आधी X येतो, आणि V कधीच वजा होत नाही. मी वर्गात दशक व एकक वेगवेगळे लिहायला लावतो: ४९ म्हणजे आधी चाळीसचे XL, मग नऊचे IX. IL लिहिल्याने दोन X गेले, VL लिहिल्याने एक. तुमचे तीन तिथेच हरवले.

ओसरी: आमच्या दिवाणखान्यातील जुन्या घड्याळात चारच्या जागी IIII आहे. ते दुरुस्त करून घ्यावे का?

खडूफळा: नको, घड्याळांवर तशीच प्रथा आहे, आणि त्याच घड्याळात नऊ बहुधा IX असेल. रोममधील कोलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या प्रवेशद्वारावर तर XLIIII कोरलेले आहे, म्हणजे चाळीस वजाबाकीने आणि चार बेरजेने.

पाटीपेन्सिल: दोन्ही संख्या सुधारल्यावर ७५ भरले, आभारी आहे. आता ती विचारते आहे की कोलोसियमवर XLIIII चालते, तर परीक्षेत का नाही?

हिशेबनीस: माझाही तोच प्रश्न आहे.

खडूफळा: परीक्षेत XLIV च लिहावे, नाहीतर गुण जातील. रोमनांनी स्वतः एकच पद्धत का पाळली नाही, हे तिला मी सांगू शकणार नाही.