'समकालीन' म्हणजे नक्की कधीचं?

खडूफळा: आठवीसाठी नवा प्रश्न काढलाय, "फ्रेंच राज्यक्रांतीविषयी माहिती देणारी दोन समकालीन साधने सांगा व त्यांपैकी एक कितपत विश्वसनीय आहे ते लिहा." पेपरात घालायच्या आधी नववीतल्या सात मुलांना दिला, तर तिघांनी डॉक्युमेंटरी आणि पाठ्यपुस्तक लिहिलं. शब्द चुकतोय की मुलांना धडाच येत नाही?

अर्धविराम: मुलांचं काय चुकलं, समकालीन कला म्हणजे आजचीच ना. तत्कालीन घाला, विषय संपला.

जुनापेपर: शब्दाचं म्हणणं एवढंच की 'एकाच काळातले', पण कुणाच्या काळातले ते वाक्यात सांगावं लागतं. नाही सांगितलं की वाचणारा आपलाच काळ धरतो, तुमच्या तिघांनी तेच केलं. तत्कालीनचं म्हणाल तर वर्तमानपत्रात तो सारखा 'तत्कालीन मंत्री' असा येतो, म्हणजे 'माजी' असं वाचणारी पण निघतील. आणि धडा येतो की नाही हे नुसत्या उत्तरावरून कळत नाही. उत्तर लिहून झाल्यावर एकेकाला विचारा, "यात तुला काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग." मधे समजावून सांगायचं नाही, चेहरा पण पाडायचा नाही.

गणितवाली: आमच्याकडे पण पूर्वपरीक्षा घेतात, त्यात निम्मी नापास होतात, मग पेपर सोपा करायचा का?

जुनापेपर: ती वेगळी हो. सात जणांवरून सोपं-अवघड ठरत नाही, वाचण्यात घोळ कुठे होतो तेवढं दिसतं.

खडूफळा: विचारलं. तिघांपैकी दोघं म्हणाले "आत्ता कुठे माहिती मिळेल ते". मग मी त्यांना तोंडी म्हटलं, 1789 च्या आसपास लिहिलेलं सांगा, तर एकानं लगेच राजाकडे पाठवलेले गावोगावचे तक्रारनामे सांगितले, दुसऱ्यानं आर्थर यंग, तो इंग्रज जो तेव्हा फ्रान्समध्ये हिंडत होता. म्हणजे येत होतं हो! तिसऱ्याला मात्र खरंच काही येत नव्हतं. आता "त्या काळात हयात असलेल्यांनी लिहिलेली" असं करू?

जुनापेपर: नको, त्यात नवा खड्डा आहे. क्रांती पाहिलेल्या माणसानं तीस वर्षांनी आठवणी लिहिल्या तर माणूस समकालीन, साधन नाही. "1789 च्या आसपास तयार झालेली" हेच बरं. आणि हे वाक्य नव्या मुलांना द्या, या सात जणांना आता उत्तर माहितीये.

अर्धविराम: पण समकालीन साधन हा शब्द धड्यातच शिकवलाय ना? तो काढला तर मग तपासायचं काय?

खडूफळा: हा मुद्दा आहे खरा. चार मार्क विश्वसनीयतेचे आहेत, शब्दार्थाचे नाहीत, म्हणून मी काढणार. आमच्या विभागप्रमुख मात्र ठेवा म्हणतायत, उद्या परत वाद.

जुनापेपर: मग एक मार्काचा वेगळा प्रश्न करा शब्दावर. तोही आधी कुणाला तरी देऊन बघा म्हणजे झालं.