प्लेलिस्ट भरली, आता पुढे काय? (अनुभव धागा)

मारवा
माळा आवरताना बाबांची ९० मिनिटांच्या कॅसेटची खोकी सापडली. बाजू संपायला तीन-चार मिनिटे उरली, की त्यात कोणते पद पुरे बसेल याचा ते वही घेऊन हिशेब करत असत, हे आठवले. तोच हिशेब आता माझ्यापुढे आला आहे. नाट्यगीते, भावगीते आणि अभंग यांची स्पॉटिफायवरची माझी एकच मोठी प्लेलिस्ट १०,००० गाण्यांना टेकली असून तिथली मर्यादाही तेवढीच आहे. ज्यांचा संग्रह असा भरला, त्यांनी पुढे काय केले ते कृपया सविस्तर लिहावे. डाउनलोडविषयीही लिहावे, कारण गावी नेटवर्क नसते आणि मला सगळे फोनवर हवे आहे.

सुपारीबाग
ताई, डाउनलोडची मर्यादा ३,३३३ गाण्यांची आहे, त्यामुळे सगळे फोनवर घेण्याचा विचार सोडून द्यावा. लायब्ररीतही १०,००० पेक्षा जास्त काही राहत नाही. मी तर दर दिवाळीला जुनी गाणी काढून टाकते.

नोंदवही
सुपारीबाग, तुमचे दोन्ही आकडे एके काळी खरे होते. ३,३३३ गाणी आणि तीन उपकरणे हा नियम सप्टेंबर २०१८ मध्ये बदलला आणि तेव्हापासून प्रत्येक उपकरणावर १०,००० गाणी, अशी पाच उपकरणे चालतात. लायब्ररीची मर्यादा मे २०२० मध्ये काढून टाकण्यात आली, म्हणून पसंतीची खूण केलेली गाणी कितीही असू शकतात. एका प्लेलिस्टची मर्यादा मात्र तशीच राहिली. तेव्हा दिवाळीला गाणी काढण्याची गरज नाही.

मारवाताई, माझी प्लेलिस्ट भरली तेव्हा मी ती वर्षांनुसार फोडली. हे काम संगणकावरच करावे. आधी Exportify या साधनाने संपूर्ण यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेतली, कारण गाणे नव्या प्लेलिस्टमध्ये टाकले की त्यावर आजची तारीख पडते आणि ते मुळात कधी जमा केले होते, हे कायमचे पुसले जाते. नंतर जुनी यादी Date added प्रमाणे लावली, पहिल्या गाण्यावर टिचकी मारली, Shift दाबून त्या वर्षाच्या शेवटच्या गाण्यावर टिचकी मारली आणि निवडलेली सर्व गाणी नव्या प्लेलिस्टमध्ये पाठवली. एका वेळी काही शेच घ्यावीत, म्हणजे काही अडले तर कुठपर्यंत आलो ते कळते. नव्या यादीतला आकडा जुळल्यावरच जुन्या यादीतून ती काढावीत. शेवटी या सर्व प्लेलिस्ट एका फोल्डरमध्ये ठेवल्या. संगणकावर तो फोल्डर सलग वाजवता येतो, त्यामुळे फोडल्याची अडचण ऐकताना जाणवत नाही.

वाळकेश्वरी
फोडण्यापूर्वी दुहेरी गाणी काढावीत, असे मी सुचवेन. एकच भावगीत मूळ अल्बममध्ये, ‘सर्वोत्तम’ संकलनात आणि गायिकेच्या वाढदिवसानिमित्तच्या संचात असते. अ‍ॅपच्या दृष्टीने ती तीन वेगळी गाणी असतात, म्हणून ‘हे आधीच आहे’ अशी सूचना येत नाही. शीर्षक आणि लांबी यांची तुलना करणारे Spotify Dedup हे साधन मी वापरले. मात्र त्याने दाखवलेले सारेच डोळे मिटून काढू नये. मैफलीतले ध्वनिमुद्रण आणि तबकडीवरचे ध्वनिमुद्रण यांची नावे सारखी असली, तरी आपल्याला दोन्ही हवी असतात.

शिवाय हक्क संपल्याने बंद झालेली गाणी यादीत लपून बसतात. सेटिंगमध्ये Show unavailable songs in playlists सुरू केले की ती फिकट दिसू लागतात. माझ्या यादीत जुन्या मराठी चित्रपटगीतांचा असा बराच ऐवज निघाला.

गल्लीतला_गवई
फिकट गाणी मी काढत नाही. कोणती गाणी गेली, याची ती एकमेव नोंद आहे.

वाळकेश्वरी
ती नोंद सीएसव्हीत राहते की! प्लेलिस्टमधली जागा तिच्यासाठी का अडवायची?

ख्यालिया
माझा अनुभव वेगळा आहे. मी मुख्यतः शास्त्रीय संगीत ऐकतो आणि मर्यादेचा आकडा गाण्यांचा आहे, मिनिटांचा नाही. ५० मिनिटांचा ख्याल आणि ३ मिनिटांचे भावगीत दोन्ही एकच मोजले जाते, म्हणून १०,००० चा आकडा मला कधीच गाठता आला नाही. त्याआधी फोनच भरला. Very high म्हणजे ३२० केबीपीएस या दर्जात एका मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. पन्नास मिनिटांचा एक ख्याल १२० एमबीचा होतो आणि असे हजार ख्याल १२० जीबी खातात.

मारवाताईंचे गाणे सरासरी ५ मिनिटांचे धरले, तर एक गाणे १२ एमबीचे आणि १०,००० गाणी तेवढ्याच १२० जीबींची होतील. १२८ जीबीच्या फोनमध्ये ती बसणार नाहीत, कारण त्यातला बराच भाग फोनची स्वतःची प्रणाली आणि छायाचित्रे घेतात. दर्जा १६० केबीपीएसवर आणला तर ६० जीबी आणि ९६ वर आणला तर ३६ जीबी लागतील. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यपदांत १६० आणि ३२० यांतला फरक मला तरी ऐकू येत नाही.

गल्लीतला_गवई
तुमचे कान तपासून घ्या, ख्यालिया. 😀

दर्यावर्दी
मी जहाजावर असतो. आमच्याकडे प्रश्न संख्येचा नाही, दिवसांचा आहे. डाउनलोड केलेली गाणी टिकवण्यासाठी ३० दिवसांतून एकदा तरी अ‍ॅप ऑनलाइन यावे लागते. बंदर सोडण्याच्या आदल्या रात्री मी अ‍ॅप उघडून सगळे डाउनलोड पूर्ण झाल्याची खात्री करतो आणि मधल्या बंदरात मिळेल त्या वायफायवर पुन्हा एकदा जोडतो. सहावे उपकरणही टाळतो. पाचांच्या वर गेले की ज्या उपकरणाचा वापर सर्वांत कमी, त्यावरचे डाउनलोड काढले जातात आणि समुद्रावर नेमका तोच माझा टॅब असण्याची शक्यता असते.

सुपारीबाग
नोंदवही, आभार. मग दोन प्लेलिस्टमध्ये असलेले एकच गाणे डाउनलोड करताना दोनदा मोजले जाते का? माझा भाऊ म्हणतो, दोनदा.

नोंदवही
जागा तरी दोनदा व्यापत नाही, हे मी फोनच्या साठवणुकीत पाहिले आहे. मोजणी वेगळी होत असेल, तर कुणीतरी आकडे पाहून सांगावे.

टेपरेकॉर्डर
मी हे सर्व पाहून स्वतःच्या फाइलींकडे परतलो. सीडी संगणकावर उतरवल्या असून एम३यू यादी ही साधी मजकुराची फाइल असल्याने तिला अशी नेमून दिलेली मर्यादा नाही. अ‍ॅपल म्युझिकची लायब्ररीही १,००,००० गाण्यांची आहे आणि विकत घेतलेली गाणी त्यात मोजली जात नाहीत. यूट्यूब म्युझिककडे मात्र मोठी यादी नेण्यापूर्वी थांबावे, कारण तिथे एका प्लेलिस्टमध्ये ५,००० गाणीच मावतात.

मारवा
सर्वांचे आभार. सीएसव्ही काढून झाली आहे. आता दुहेरी गाणी काढून, अभंग वेगळे करून तेवढेच १६० च्या दर्जात फोनवर घेते आणि बाकीचे संगणकावर ठेवते. वाळकेश्वरी, एकाच अभंगाच्या दोन गायकांच्या नोंदी त्या साधनाला दुहेरी वाटतात का?

वाळकेश्वरी
गायकाचे नावही ते पाहते, म्हणून सहसा वाटत नाहीत. परंतु संकलनांवर कित्येकदा गायकाच्या जागी संगीतकाराचेच नाव असते. तिथे प्रत्येक नोंद वाजवून पाहावी.