मदत हवी आहे: रोखीच्या प्रीमियमची ८०डी वजावट, सुधारित रिटर्न आणि खुलाशाचं पत्र

मंडळी, अमळनेरच्या एका शिक्षकाचं प्रकरण आहे. कर निर्धारण वर्ष २०२५-२६, जुनी करप्रणाली, २० टक्क्यांचा टप्पा. मूळ रिटर्नमध्ये ८०डीखाली २२,००० रुपये लावले, पण प्रीमियम एजंटाच्या हातात रोख दिलेला. रोख फक्त आरोग्य तपासणीला चालते, तीही ५,००० पर्यंत, प्रीमियमला नाही. म्हणजे कर ४,४०० आणि सेस १७६, मिळून ४,५७६ रुपये कमी भरले गेले. वर ६,००० रुपयांचा परतावाही खात्यात जमा झालाय.

१३९(५)चं सुधारित रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ च्या आत भरायचं आहे. अडचण अशी, की मिळालेला परतावा दाखवायला फॉर्ममध्ये रकानाच नाही. नुसती वजावट काढली तर १,४२४ चा परतावा दिसतो आणि प्रक्रियेनंतर फरकाची मागणी येते. म्हणून ४,५७६ स्वयंनिर्धारण कराच्या चलनाने आधी भरून ते रिटर्नमध्ये दाखवायचा विचार आहे. मग परतावा पुन्हा ६,००० दिसतो, हिशोब जुळतो. कोणी असं केलंय का?

पत्राचा मसुदा असा:
"मूळ रिटर्नमध्ये ८०डीची २२,००० रुपयांची वजावट घेतली होती. प्रीमियम रोख भरल्याने ती अनुज्ञेय नाही. ती मागे घेऊन फरकाचा कर भरला आहे. मूळ पोचपावती व चलन सोबत आहे."

'नजरचुकीने' हा शब्द मुद्दाम टाळला, कारणच लिहिलंय. पण रिटर्नला कागद जोडता येत नाही, आणि नोटीस नसताना e-Proceedings मध्येही उत्तराची जागा दिसत नाही. पत्र आत्ताच कार्यालयात द्यावं, की नोटीस आल्यावर लावायला फाइलीत ठेवावं?